भाऊजींचा खांदा आणि मावशीचा खांदा

अकोल्याला मावशीच्या नातवाचा नामकरण विधी होता. वंदना झाली, बाळाचे नाव ठेवून झाले, जेवणे आटोपली आणि मंडळी ओसरीवर सुपारी कातरत बसली. अमरावतीहून आमचे भाऊजी आले होते. त्यांच्या हातात एक मोठी प्लास्टिकची पिशवी होती. ती पाहताच मावशीने सुनेला हाक मारली आणि कपाटावरची तशीच दुसरी पिशवी काढायला सांगितली. मावशीचा स्वतःचा हात कपाटावर पोचत नव्हता. दोन्ही पिशव्यांत खांद्याच्या एमआरआयचे काळे फोटो आणि इंग्रजीतला अहवाल. दोन्ही अहवालांत एकच शब्द ठळक छापलेला होता : फुल थिकनेस टिअर.

भाऊजी म्हणाले, "पाहा बाप्पा, फुल फाटलं म्हणते कागद. आता हमाली संपली आपली."

त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, शाळेत शिकवते. तिचाही खांदा वर्षभर दुखतो आहे. ती म्हणाली, "माझ्या रिपोर्टात पार्शियल लिहिलंय बाबा, म्हणजे अर्धंच. मग मला रात्रभर झोप का येत नाही?"

मावशी हसली. "मले तर आता दुखतबी नाही. फक्त हात वर जात नाही."

त्या दुपारी तिघांचे तीन कागद आमच्या मांडीवर होते आणि तिघेही आपापला कागद चुकीचा वाचत होते. खरे सांगायचे तर आम्हालाही तो नीट वाचता येत नव्हता. पुढे भाऊजींबरोबर अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांकडे दोन-तीन वेळा गेलो, त्यांनी ओळ न् ओळ समजावून दिली, तेव्हा उलगडा झाला. ज्यांच्या घरी पोती उचलणारे, चुना मारणारे, शेंदणारे, डोक्यावरून भारे वाहणारे हात आहेत, त्या वाचकांच्या घरात ही पिशवी कधी ना कधी येतेच. म्हणून हे लिहीत आहोत.

आधी खांद्याची रचना पाहू. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते एका उथळ बशीत बसलेले असते. बशी इतकी उथळ की चेंडू घसरायचाच. त्याला जागेवर धरून ठेवतात चार स्नायू. हे चारही स्नायू पाठीच्या फऱ्याच्या हाडावरून निघतात, त्यांची टोके चपट्या, चिवट पट्ट्यांची होतात आणि त्या पट्ट्या चेंडूला टोपीसारख्या वेढून चिकटतात. या टोपीलाच रोटेटर कफ म्हणतात. पट्टीला डॉक्टर टेंडन म्हणतात. आपल्याकडे सरसकट 'नस फाटली' असे बोलले जाते, पण ही रक्ताची नस नव्हे आणि संवेदनेचीही नव्हे. स्नायूने ओढले की हाड हलवणारा तो पट्टा आहे. चारांपैकी सर्वांत वरून जाणारा पट्टा सुप्रास्पायनेटसचा. तो खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून, म्हणजे जणू छपराखालून जातो आणि अहवालात बहुतेक वेळा त्याचेच नाव असते. त्या छपराला अ‍ॅक्रोमियन म्हणतात. छप्पर आणि पट्टा यांच्यामध्ये घर्षण होऊ नये म्हणून एक पातळ ओलसर पिशवी असते, तिचे नाव बर्सा.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या लोहचुंबकाच्या बोगद्यात माणसाला अर्धा तास निजवतात आणि शरीरातल्या पाण्याच्या व चरबीच्या आधाराने चित्र उमटते. निरोगी पट्ट्यात मोकळे पाणी फार थोडे, म्हणून तो काळा दिसतो. फाटलेल्या जागी पाणी शिरते आणि त्या प्रकारच्या चित्रात ती जागा पांढरी दिसते. डॉक्टर काळ्या पट्ट्यात पांढरे शोधत असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी फोटो अगदीच परका वाटत नाही. साध्या एक्स-रेमध्ये मात्र हाड दिसते, पट्टा दिसत नाही. ही गोष्ट मावशीच्या बाबतीत पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता तो 'थिकनेस'. थिकनेस म्हणजे जाडी. अहवालातला पार्शियल किंवा फुल हा शब्द फक्त जाडीबद्दल बोलतो, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. डॉक्टरांनी टेबलावरचा रुमाल दाखवला होता, पण आमच्या डोळ्यांसमोर आली ती आजीची गोधडी. गोधडीला वरचा पदर असतो, खालचा पदर असतो आणि मध्ये जुन्या लुगड्यांचे थर. वरचा पदर विरला, पण आतले थर शाबूत आहेत, तर गोधडी अर्धवट जाडीची फाटली. हेच पार्शियल थिकनेस. खांद्यात छपराकडची, म्हणजे वरची बाजू विरली असेल तर 'बर्सल सरफेस' लिहितात. सांध्याकडची खालची बाजू विरली असेल तर 'आर्टिक्युलर सरफेस' लिहितात. दोन्ही बाजू चांगल्या आणि मधलेच थर सुटले असतील तर 'इंट्रासबस्टन्स' किंवा 'इंटरस्टिशियल'. आणि वरून बोट घातले तर खालून निघेल असे आरपार भोक पडले की ते झाले फुल थिकनेस.

पण गोधडीला आरपार भोक पडले म्हणजे तिचे दोन तुकडे झाले काय? नाही. भोक चवलीएवढे असू शकते किंवा हातभर चीर असू शकते. दोन्हींना अहवालात फुल थिकनेस हेच म्हणतात. म्हणून त्या शब्दाच्या पुढे जो आकडा असतो तो आधी वाचायचा. पट्टा पूर्ण रुंदीत तुटला असेल तर त्याला बहुधा 'कम्प्लीट' हा वेगळा शब्द लावतात. भाऊजींनी 'फुल' वाचले आणि मनात 'कम्प्लीट' ऐकले.

भाऊजींचा कागद असा होता : सुप्रास्पायनेटसच्या पट्ट्यात, हाडाला चिकटण्याच्या जागी, पुढच्या कडेला फुल थिकनेस टिअर, पुढून मागे माप ८ मिलिमीटर. नो रिट्रॅक्शन. नो फॅटी अ‍ॅट्रोफी. हा पट्टा जेथे हाडाला चिकटतो तेथे त्याची रुंदी साधारण दोन-अडीच सेंटिमीटर असते. त्यातले आठ मिलिमीटर गेले, म्हणजे बराच पट्टा अजून जागेवर ओढतो आहे. एक सेंटिमीटरच्या आतले भोक लहान, एक ते तीन मध्यम, तीन ते पाच मोठे आणि पाचाच्या वरचे फार मोठे, अशी प्रतवारी डॉक्टर पुष्कळदा वापरतात. रिट्रॅक्शन म्हणजे फाटलेली कड मागे सरकणे. ताणलेली रबरी पट्टी तुटली की टोक मागे पळते, तसे. भाऊजींची कड मागे गेलेली नव्हती. फॅटी अ‍ॅट्रोफी म्हणजे बरेच दिवस न ओढल्यामुळे स्नायू वाळून त्याच्या जागी चरबी भरणे. तीही नव्हती. ठळक अक्षरातल्या एका भीतीदायक शब्दामागे बारीक अक्षरात दोन चांगल्या बातम्या होत्या. त्यांच्याकडे घरात कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

भाचीचा कागद वाचू. पार्शियल थिकनेस टिअर, बर्सल सरफेस, जाडीच्या निम्म्याहून कमी. पट्टा तेथे एक सेंटिमीटरच्या आसपास जाड असतो, तेव्हा निम्म्याहून कमी म्हणजे चार-पाच मिलिमीटरच्या आतला ओरखडा. मग तिला रात्रभर झोप का नाही? कारण दुखणे भोकाच्या आकारावर चालत नाही. डॉक्टरांनी सांगितले की अर्धवट विरलेला पट्टा पुष्कळदा आरपार फाटलेल्यापेक्षा जास्त ठणकतो. वरची पिशवी सुजलेली असली तर विशेषच. दिवसभर फळ्यावर लिहिणे, संध्याकाळी पोळ्या लाटणे, रात्री त्याच कुशीवर झोपणे, असा तिचा क्रम होता. 'अर्धंच तर आहे' असे म्हणून घरातल्यांनी तिच्या दुखण्याकडे कानाडोळा केला, हे आमच्याकडूनही झाले.

भाऊजी आणि भाची, दोघांच्याही कागदावर शेवटी आणखी एक ओळ होती : इम्पिंजमेंटची लक्षणे सूचित होतात. इम्पिंजमेंट म्हणजे चेपले जाणे. हात बाजूने वर नेताना, साधारण साठ अंशांपासून एकशेवीस अंशांपर्यंत, म्हणजे कमरेच्या वर ते डोक्याच्या थोडे खाली, पट्टा आणि पिशवी छपराखाली दाबली जाते आणि कळ येते. त्याच्या वर हात गेला की कळ कमी होते. अमेरिकेतले सर्जन चार्ल्स नीर यांनी १९७२ साली या विचाराला बळ दिले. छपराच्या आकाराचे सरळ, वाकडे आणि आकड्यासारखे असे टाइप एक, दोन, तीन पाडले जाऊ लागले. भाऊजींचे छप्पर टाइप दोन. त्यांना वाटले हाडात खोट निघाली.

डॉक्टर येथे जरा हसले. एमआरआय काढताना माणूस उताणा निजलेला असतो आणि हात अंगाशी असतो. चेपले जाते ते हात वर नेताना. म्हणजे ज्या क्षणी घटना घडते त्या क्षणाचा फोटोच नाही. फोटोत दिसते ती सुजलेली पिशवी, वाकडे छप्पर, सांध्यावर वाढलेले हाड. त्यावरून अंदाज बांधला जातो. इम्पिंजमेंट आहे की नाही हे माणसाला उभे करून, हात उचलायला लावून ठरते. म्हणून 'सूचित होतात' असा सावध शब्द. आणि वाकडे छप्पर तर खांदा कधीच न दुखलेल्या माणसांतही असते.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पूर्वी छपराचे हाड खालून घासून जागा मोकळी करण्याचे ऑपरेशन फार होत असे. २०१८ साली इंग्लंडमध्ये एक मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. पट्टा पूर्ण न फाटलेल्या, पण खांदा दुखणाऱ्या रोग्यांपैकी काहींचे हाड खरोखर घासले आणि काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काही न करता बाहेर काढली. दोन्ही गटांना आलेला आराम जवळपास सारखाच निघाला. त्याच वर्षी फिनलंडमधल्या डॉक्टरांनाही असेच आढळले. तेव्हा भाचीसारख्या कागदावर कोणी नुसते हाड घासण्याचे ऑपरेशन सुचवले, तर 'यापेक्षा व्यायामाने किती फरक पडेल?' हे विचारायला संकोच करू नये.

भाऊजींचे काय झाले ते सांगतो. त्यांचे वय छप्पन्न. कॉटन मार्केटात तीस वर्षे पाठीवर पोती. ते कधी पडले नव्हते, झटका बसला नव्हता. दुखणे सहा महिने हळूहळू वाढले होते. डॉक्टरांनी त्यांना हात वर करायला लावला. दुखत दुखत का होईना, पूर्ण वर गेला. कोपर अंगाशी धरून हात बाहेर ढकलायला लावला, जोर चांगला निघाला. मग त्यांनी विचारले, "हे भोक सहा महिन्यांचं कशावरून? पाच वर्षांचं असू शकते."

आम्ही चकित झालो. पण १९९५ साली अमेरिकेत खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ माणसांचे एमआरआय काढले होते, तेव्हा साठीपुढच्यांपैकी ५४ टक्क्यांच्या पट्ट्यात काही ना काही फाट निघाली. त्यात आरपार भोक असलेले २८ टक्के होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. चाळीस ते साठ या वयात आरपार भोके चारच टक्के, पण अर्धवट विरलेले २४ टक्के. केस पिकतात तसा पट्टाही विरतो. कागदावर फाट आहे म्हणून आजचे दुखणे त्याच फाटीचे, असे दर वेळी म्हणता येत नाही.

मग ठरले ते असे. बारा आठवडे व्यायाम आणि तोवर थप्पीचे काम बंद. पोती उचलणे सुटले नाही, सुटणार कसे? पण छातीच्या वर पोते नेऊन थप्पी लावायचे काम मुकादमाला सांगून दुसऱ्याला दिले. मजुरी कमी झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला. पहिले दोन आठवडे वाकून हात लोंबता सोडून झुलवणे आणि भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणे. पुढे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून, काखेत घडी केलेला टॉवेल दाबून, कोपर काटकोनात ठेवून हात बाहेर ओढणे. दहा-पंधरा वेळा, थोडे थांबून असे तीनदा. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते, पण रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी ओढ कमी करायची. भाचीलाही हेच सांगितले, फक्त पट्टी पातळ.

तीन आठवड्यांत भाऊजी कंटाळले. "फाटलेलं व्यायामानं जुळते का बावा?" प्रश्न बरोबरच होता. भोक जुळत नाही. जे स्नायू शाबूत आहेत ते चेंडूला जागेवर धरायला शिकतात आणि पट्ट्यावरचा ताण कमी होतो. अमेरिकेत आपोआप पडलेले आरपार भोक असलेल्या ४५२ रोग्यांना असा व्यायाम दिला होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांत पाव हिश्शाहून कमी लोकांना ऑपरेशन करावे लागले. नवव्या आठवड्यात भाऊजी उजव्या कुशीवर झोपले. आम्हाला फोन करून त्यांनी हे सांगितले.

भोक काहींचे तेवढेच राहते, काहींचे वाढते. म्हणून वर्षाने पुन्हा पाहायचे, पण एमआरआयच काढला पाहिजे असे नाही. आरपार भोक पाहायला जाणकाराने केलेली सोनोग्राफी पुष्कळदा पुरते आणि खर्चही कमी येतो.

आता मावशी. तिच्या कागदावरही फुल थिकनेस. पण माप ३.८ सेंटिमीटर, दोन पट्ट्यांत मिळून. रिट्रॅक्शन आहे, कड चेंडूच्या माथ्यापलीकडे बशीच्या कडेपर्यंत मागे गेलेली. आणि शेवटी गुटालिये ग्रेड तीन. हे एका फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने चालणारे माप आहे. शून्य म्हणजे स्नायूत चरबी नाही, दोनमध्ये चरबीपेक्षा मांस जास्त, तीनमध्ये दोन्ही सारखे, चारमध्ये चरबीच जास्त. मावशीचा स्नायू निम्मा चरबी झाला होता.

तिची कहाणी भाऊजींसारखी हळूहळू घडलेली नव्हती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ती डाळ मिलमध्ये कामाला जात होती. एक दिवस पायरीवरून घसरून हातावर पडली. त्याच संध्याकाळपासून हात वर जाईना. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत निघाले. "हाड मोडलं नाही, मुका मार आहे" असे सांगून गोळ्या दिल्या. मग मलम झाले, शेक झाला, हात चोळणाऱ्याकडे चार खेपा झाल्या. हळूहळू दुखणे ओसरले. घरच्यांना वाटले बरी होते आहे. हात मात्र वर गेला नाही तो नाहीच. सात महिन्यांनी एमआरआय झाला.

एक खूण होती आणि ती तिच्या सुनेने पहिल्याच आठवड्यात पाहिली होती. लुगड्याचा पदर सावरून देताना सून मावशीचा हात धरून वर न्यायची, तेव्हा तो सहज पूर्ण वर जायचा. सोडला की धपकन खाली पडायचा. दुसऱ्याने नेला तर हात जातो, स्वतःला नेता येत नाही, याचा अर्थ सांधा मोकळा आहे आणि ओढणारा पट्टा तुटला आहे, किंवा क्वचित त्याला चालवणारी संवेदनेची नस दुखावली आहे. याउलट दुसऱ्याने नेला तरी हात अडतो, तेव्हा सांधाच आखडलेला असतो. त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो आणि त्याचा इलाज निराळा. ही परीक्षा घरी अर्ध्या मिनिटात होते.

पडल्यानंतर अचानक हात उचलेनासा झाला, वय चाळीशीच्या पुढे आहे आणि एक्स-रे चांगला आला, तर तिथे थांबायचे नसते. दोन आठवड्यांत हात उचलू लागला नाही तर सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल विचारायचे. अशी ताजी फाट दुर्बिणीतून हाडाला पुन्हा टाचायची असेल तर पहिले काही आठवडे मोलाचे, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. नंतर कड मागे मागे जाते, स्नायू चरबी होतो. मग ओढून आणलेला पट्टा शिवला तरी टाका धरत नाही, आणि शिवला गेला तरी चरबीचे मांस बहुधा पुन्हा होत नाही. भाऊजींना व्यायामासाठी बारा आठवडे देणे शहाणपणाचे होते. मावशीला तेच बारा आठवडे महागात पडले. दोघांच्या कागदावर शब्द एकच.

ऑपरेशनचाही हिशेब आम्ही विचारून घेतला. टाचल्यावर चार ते सहा आठवडे हात झोळीत. पुढे हळूहळू हालचाल. जड ओझे सहा महिन्यांच्या आसपास. हातावर पोट असलेल्या घराला हे आधी कळलेले बरे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. अहवाल आणि शिधापत्रिका घेऊन आपल्याला सांगितलेले ऑपरेशन यादीत बसते काय, हे तारीख घेण्याआधी त्याच्याकडून पक्के करून घ्यावे.

मावशीच्या बाबतीत डॉक्टरांनी टाके धरण्याची खात्री दिली नाही. तिनेही नको म्हटले. वरचा मोठा दंडाचा स्नायू बळकट करण्याचे व्यायाम तिला दिले. निजून, हात छताकडे नेण्यापासून सुरुवात. पाच महिन्यांत हात खांद्याइतका वर येऊ लागला आहे. डोक्यावरून पदर घेताना ती आता डाव्या हाताचा आधार घेते. सुनेने चहा-साखरेचे डबे खालच्या फळीवर आणून ठेवले आहेत, आणि मावशीची पिशवीही आता कपाटावर नाही, दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते.